सूपच्या बाऊलमध्ये कॅलरी नेमक्या किती?

पत्र: ताई, आम्ही ऐरोलीला राहतो, घरात चौघं. आठवड्यातून तीनदा रात्री भाज्यांचं सूप असतं. टोमॅटो ४०० ग्रॅम, दुधी ३००, गाजर १५०, कांदा १००, लसूण १०, सगळं सोलून-चिरून मोजलेलं. बटर १५ ग्रॅम आणि शेवटी क्रीमचं अर्धं पाकीट, म्हणजे १०० मिली. राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्ते मोबाइलवर उघडून हिशेब केला. भाज्यांचे ९३०, बटरचे १०८, क्रीमचे २४०, एकूण १२७८. चौघांत भागले तर प्रत्येकी ३२०! ॲपवर ‘व्हेजिटेबल सूप, एक बाऊल’ ८० दाखवतं, आणि ऑफिसमधली मैत्रीण म्हणते, सूप म्हणजे फार तर पन्नास. खरं कोणाचं? स्टॉकचा रकाना मी कोराच सोडलाय. भाज्या कुकरला लावते ते अर्धा लिटर पाणीच स्टॉक म्हणून घेते, कधी क्यूब टाकते. त्याचे किती धरू?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर: तुमची बेरीज मी दोनदा तपासली. बेरीज बरोबर आहे, पण ९३० हा आकडा पाहिल्यावरच मी थांबले. ९६० ग्रॅम भाज्यांमध्ये ९३० कॅलरी म्हणजे १०० ग्रॅमला जवळजवळ ९७. बटाट्यातसुद्धा १०० ग्रॅमला सत्तर-पंचाहत्तरच असतात, आणि तुमच्या पातेल्यात बटाटा नाहीच. टोमॅटो आणि दुधी, म्हणजे बहुतेक पाणीच. ते बटाट्याला मागे टाकतील कसे?

घोटाळा एककाचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेल्या तक्त्यांत ऊर्जेचा रकाना किलोज्यूलमध्ये आहे. त्या रकान्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात kJ लिहिलंय. मोबाइलवर पान मोठं करून खाली सरकवत गेलं की डोकं वर राहतं आणि नुसते आकडे समोर येतात. याच संस्थेच्या जुन्या तक्त्यांत किलोकॅलरी असायच्या, त्यामुळे ते वापरून सवय झालेली माणसंही इथे फसतात. आपण बोलताना ज्याला कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी, आणि एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल. तुमचे ९३० भागिले ४.१८४ केले की २२२ उरतात. बटर आणि क्रीमचे आकडे तुम्ही पाकिटावरून घेतलेत, ते किलोकॅलरीतच होते. म्हणजे एकाच बेरजेत दोन वेगळी एककं मिसळली. रुपयांत पैसे मिळवल्यासारखं झालं ते.

खात्रीसाठी मी ठोकळ आकड्यांनीही करून पाहिलं. टोमॅटोला १०० ग्रॅममागे साधारण २० धरले, दुधीला १३, गाजराला ३४, कांद्याला ४५. तुमच्या वजनांनी ते ८०, ३९, ५१ आणि ४५ झाले. लसणीचे १३ मिळवून २२८. तुमच्या २२२ पेक्षा सहा जास्त. ते सहा सोडून द्या, दोन दुध्यांमध्येसुद्धा एवढा फरक असतो. पुढचा हिशेब मी तुमच्या २२२ नेच करते.

आता स्टॉक. तुमचं कुकरचं पाणी हे त्याच भाज्यांचं पाणी आहे. शिट्ट्या होताना गाजर-कांद्यातली थोडी साखर आणि क्षार पाण्यात उतरतात, पण ते आले कुठून? ज्या भाज्या तुम्ही आधीच मोजल्यात त्यातूनच. कच्च्या भाज्यांचे २२२ धरताना हे पाणीही त्यात धरलं गेलं. म्हणून तुमच्या स्टॉकचे शून्य. रकाना कोरा ठेवलात ते बरोबरच होतं, फक्त आता तिथे शून्य लिहा, म्हणजे पुढच्या वेळी शंका नको. ॲपमध्ये भाज्याही घालायच्या आणि वर ‘व्हेजिटेबल स्टॉक, ५०० मिली’ही घालायचं, असं करणारे पुष्कळ भेटतात. तिथे एकच गाजर दोनदा मोजलं जातं.

स्टॉक वेगळा करत असाल, म्हणजे कोबीचे दांडे, गाजराची टोकं, कोथिंबिरीच्या काड्या उकळून, गाळून, चोथा टाकून नुसतं पाणी घेत असाल, तर तो वेगळा जिन्नस झाला. अशा पातळ, तेल न घातलेल्या स्टॉकला १०० मिलीमागे पाच ते दहा धरतात. अर्ध्या लिटरचे पन्नास धरलेत तर कमी नक्की पडणार नाहीत. इथे उकळलेल्या भाज्यांचं पूर्ण वजन मात्र बेरजेत घ्यायचं नाही, कारण त्या तुमच्या पोटात गेल्याच नाहीत.

क्यूबचं गणित वेगळं, आणि खरी धोक्याची जागा तीच. दहा ग्रॅमच्या एका क्यूबमध्ये पंचवीस-तीस कॅलरी असतील, पातेल्यात त्या कुठल्या कुठे जातात. पण पाकिटावरचा आकडा कोरड्या १०० ग्रॅमचा असतो. समजा तिथे २५० लिहिलंय. क्यूब विरघळवून अर्धा लिटर स्टॉक झाला आणि तुम्ही ॲपमध्ये तो आकडा ५०० ला लावलात, की १२५० कॅलरी कागदावर उगवतात, कढईत एकही न पडता. क्यूब वापराल त्या दिवशी क्यूबचंच वजन लिहा, पाण्याचं नको. आणि वरून मीठ घालायच्या आधी चव घ्या. क्यूबच्या वजनात मिठाचा वाटा मोठा असतो, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. कॅलरी मोजताना ही गोष्ट हटकून नजरेआड होते.

तर पातेल्याची बेरीज अशी: भाज्या २२२, स्टॉक शून्य, बटर १०८, क्रीम २४०. एकूण ५७०. चौघांत सारखं वाटलं तर प्रत्येकी १४२ किंवा १४३. पण ‘चौघांत’ हा शब्द मला पटत नाही. तुमच्या घरी चौघं एकाच मापाचं सूप पितात का? आमच्याकडे तरी नाही.

मी रविवारी जांभळी नाक्यावरून भाजी आणून तुमच्याच मापाने हे सूप केलं. पातेलं सासूबाईंचं, आहेरातलं, बाजूला त्यांचं नाव कोरलेलं. बुडाखाली मी मार्करने ‘६४०’ लिहून ठेवलंय, रिकाम्या पातेल्याचं वजन. घासताना पुसट होतं, मग पुन्हा लिहिते. (सासूबाईंना हे फारसं आवडलेलं नाही.) आत घातलं ते सगळं मिळून असं: ९६० ग्रॅम भाज्या, ५०० पाणी, १५ बटर, १०० क्रीम, म्हणजे १५७५ ग्रॅम. कुकर, मिक्सर, गाळणं, परत एक उकळी, शेवटी गॅस बंद करून क्रीम. पाच मिनिटं वाफ जाऊ दिली, काट्यावर लाकडी पाट ठेवून काटा शून्य केला आणि त्यावर पातेलं ठेवलं. आकडा आला २०१५. चांगलं घट्ट झालंय म्हणून खूश झाले, तेवढ्यात दिसलं की पळी आतच आहे. पळी ७५ ग्रॅमची निघाली. ती काढल्यावर १९४०, त्यातून ६४० वजा, राहिलं १३०० ग्रॅम सूप. बाकीचं कुठे गेलं? गाळण्यात ९० ग्रॅम चोथा उरला, थोडं मिक्सरच्या भांड्याला चिकटलं, उरलेली वाफ.

वाफ गेली तरी तिच्याबरोबर कॅलरी जात नाहीत, फक्त पाणी जातं. म्हणून पातेल्यातले ५७० तसेच राहतात, फक्त ते १५७५ ऐवजी १३०० ग्रॅममध्ये पसरतात. ५७० भागिले १३००, म्हणजे १०० ग्रॅमला ४४. हा तुमच्या सूपचा आकडा. तुम्ही आणखी दहा मिनिटं आटवून १००० ग्रॅमवर आणलंत तर तोच आकडा ५७ होईल. याच कारणाने भाज्या कच्च्या मोजायच्या आणि तक्त्यातलाही कच्च्याचाच आकडा घ्यायचा. शिजलेल्या भाजीचं वजन आणि कच्च्याचा आकडा अशी जोडी लावली की हिशेब बिघडतो.

चोथ्यात थोड्या कॅलरी गेल्याच, नाही म्हणत नाही. पण त्यात टोमॅटोची सालं, बिया आणि तंतू, म्हणजे पंधरा-वीस कॅलरींचा मामला. मी त्या वजा करत नाही. आकडा किंचित जास्त निघतो एवढंच, आणि जास्तीची चूक परवडते.

आता बाऊल. घरी तुमच्याच मापाचं सूप मी आमच्या चार बाऊलांत नेहमीच्या सवयीने वाढलं आणि प्रत्येक बाऊल रिकामा व भरलेला असा दोनदा काट्यावर ठेवला. माझ्यात २५० ग्रॅम, सासूबाईंच्या ३००, नवऱ्याच्या ३५०, आणि मुलाच्या त्या खोलगट निळ्या बाऊलमध्ये ४००. कॅलरी अनुक्रमे ११०, १३२, १५३ आणि १७५. एकाच पातेल्यातलं, एकाच वेळी वाढलेलं सूप! ‘एक बाऊल’ हे माप म्हणून मला अजिबात मान्य नाही. तुमचा नेहमीचा बाऊल एकदा मोजा, त्याच्या आतल्या बाजूला सूप कुठवर येतं ते लक्षात ठेवा, मग रोज काटा काढायला नको.

ॲपचे ८० आणि मैत्रिणीचे पन्नास, दोन्ही खोटे नाहीत. ती सूपं वेगळी आहेत. तुमच्याच पातेल्यातलं बटर आणि क्रीम काढून टाका. उरल्या भाज्यांच्या २२२ कॅलरी, आणि सूप ११८५ ग्रॅम. २५० ग्रॅमच्या बाऊलला ४७. मैत्रीण बहुधा असंच नुसतं सूप पीत असेल, तिचं बरोबर आहे. नुसतं बटर ठेवलं, क्रीम नाही, तर ३३० कॅलरी १२०० ग्रॅममध्ये, बाऊलला ६९. क्रीमसकट ११०. ॲपवरचे ८० कोणाच्या तरी सूपचे असतील, त्यात क्रीम किती आणि बाऊल केवढा हे त्या नोंदीत नसतं.

या तीन आकड्यांवरून काळजी कुठे घ्यायची ते दिसतं. दुधी ३०० ऐवजी ४०० पडला तर पातेल्यात १३ कॅलरी वाढतील. क्रीम १०० ऐवजी २०० पडलं, म्हणजे ‘आता उरलंय थोडं, टाकते’ म्हणत पाकीट संपवलंत, तर २४० वाढतील. भाज्या तुम्ही ग्रॅममध्ये मोजल्यात आणि क्रीम ‘अर्धं पाकीट’ म्हणून. उलटं करायला हवं होतं. अर्धं पाकीट हे डोळ्यांना दिसत नाही, ते हाताला वाटतं. क्रीमचं मोजमाप सोपं आहे. उघडलेलं पाकीट काट्यावर ठेवा, काटा शून्य करा, पाकीट उचलून ओता, परत काट्यावर ठेवा. उणे जो आकडा दिसेल तेवढं क्रीम गेलं. चमचा खराब होत नाही, भांडं लागत नाही. बटरच्या वडीलाही हेच.

क्रीमचे २४० कुठून आले हेही बघून ठेवा, कारण पाकीट बदललं की आकडा बदलतो. आपल्याकडच्या साध्या फ्रेश क्रीमवर बहुधा २५ टक्के फॅट लिहिलेलं असतं. १०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम फॅट, ग्रॅमला ९ प्रमाणे २२५. दुधातली साखर आणि प्रथिनं मिळून चार-पाच ग्रॅम, त्यांचे ग्रॅमला ४. मिळून २४० च्या घरात. फॅट ३५ टक्के असलेलं घट्ट क्रीम आणलंत तर तेच ३४० च्या आसपास जातं. घरच्या दुधाची साय घालत असाल तर तिच्यावर लेबल नसतं, आणि कालची साय आजच्याइतकी घट्ट असेलच असं नाही. तिथे मी घट्ट क्रीमचाच आकडा धरते, जरा चढा. बटरऐवजी साजूक तूप घेतलंत तर १५ ग्रॅमचे १०८ नाहीत, १३५. बटरमध्ये थोडं पाणी असतं, तुपात नसतं.

आणखी एक जागा, जी पातेल्याच्या हिशेबात येतच नाही. वाढताना वरून क्रीमची नक्षी काढता का? मोठा चमचाभर, १५ ग्रॅम, म्हणजे ३६ कॅलरी, आणि त्या चौघांत वाटल्या जात नाहीत, सगळ्या त्याच बाऊलमध्ये जातात. ११० चे १४६. बटरमध्ये परतलेले ब्रेडचे तुकडेही तसेच, त्यांची नोंद बाऊलच्या नावावर करा, पातेल्याच्या नाही.

रात्री जेवणाऐवजी फक्त हेच घेत असाल तर ११० कॅलरी फारच कमी, आणि प्रथिनं त्यात जेमतेम दोन-तीन ग्रॅम. साडेदहाला डबा उघडून फरसाण काढलं जातं ते यामुळेच. कुकरला भाज्यांबरोबर ५० ग्रॅम मूगडाळ लावा. तिच्या कोरड्या वजनाला साधारण १७५ कॅलरी येतात. मग क्रीम अर्धं, म्हणजे ५० ग्रॅम केलंत तरी सूप दाट होतं, कारण डाळच ते घट्ट करते. तेव्हाचा हिशेब असा: भाज्या २२२, बटर १०८, क्रीम १२०, डाळ १७५, एकूण ६२५. पातेलं पुन्हा तोलून भागायचं. डाळ पाणी पिते, त्यामुळे आधीचे १३०० ग्रॅम इथे गृहीत धरू नका.

उरलेलं सूप फ्रिजमध्ये ठेवताना डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून ‘१०० ग्रॅमला ४४’ लिहून ठेवते मी. दुसऱ्या दिवशी ते जाड होतं आणि गरम करताना हात आपोआप पाण्याच्या तांब्याकडे जातो. पाणी घालायच्या आधी डबा तोला. १०० ग्रॅम पाणी पडल्यावर ४४ हा आकडा त्या सूपचा राहत नाही, आणि मग झाकणावरच्या आकड्यावर विसंबून तुम्ही स्वतःला उगाच जास्त लावून घ्याल.